रुग्णालयातील दिशादर्शक फलकव्यवस्थेचे परीक्षण : बाण, शब्द आणि रंग

प्रस्तावना

रुग्णालयात येणाऱ्या व्यक्तीस आपणांस कोठे जावयाचे आहे हे बहुधा ठाऊक असते. तेथे कसे जावयाचे हे ठाऊक नसते. हातात चिठ्ठी असते, बरोबर आजारी माणूस असते आणि मनात धास्ती असते. अशा अवस्थेत वाचणारा माणूस ग्रंथालयात वाचणाऱ्या माणसासारखा वाचत नाही. भावनिक ताण वाढला की लक्षाचा परीघ आकुंचित होतो आणि कडेच्या खुणा नजरेतून निसटतात, अशी मांडणी ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये केली होती. रुग्णालयाच्या फलकांच्या बाबतीत तिचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. धास्तावलेला माणूस फलक ओळीने वाचीत नाही. तो त्यावर एकच शब्द शोधतो, तो न सापडल्यास फलकाकडे पाठ फिरवितो आणि समोर दिसेल त्या परिचारिकेस विचारतो.

या विचारण्याची किंमत किती असते, याचे एक मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात क्रेग झिमरिंग यांनी केलेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, वाट दाखविणे हे ज्यांचे काम नाही अशा कर्मचाऱ्यांचे वर्षाकाठी सुमारे ४,५०० तास वाट सांगण्यात खर्च होत होते आणि सदोष मार्गदर्शनाचा एकूण वार्षिक भार २,२०,००० डॉलरांहून अधिक होता. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांत हा भार प्रामुख्याने रुग्णावर पडतो. तपासणीची खिडकी बंद होण्याच्या आत जो पोहोचला नाही, त्याचा त्या दिवसाचा रोजगार आणि एस. टी.चे भाडे दोन्ही वाया जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्यास पुन्हा यावे लागते.

प्रस्तुत लेखात अशा फलकव्यवस्थेचे परीक्षण कसे करावे, याचे विवेचन केले आहे. परीक्षणाचे एकक फलक नसून मार्ग असावा, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. प्रत्येक फलक सुटा पाहिला असता निर्दोष वाटू शकतो आणि तरीही त्यांच्या मालिकेतून माणूस वाट चुकू शकतो.

मार्गाचे परीक्षण : एक उदाहरण

'मार्गशोधन' या अर्थाची इंग्रजी संज्ञा केव्हिन लिंच यांनी शहररचनेवरील आपल्या १९६० च्या ग्रंथात वापरली. पुढे रोमेदी पासिनी यांनी तिचा इमारतींच्या संदर्भात विस्तार केला. मार्ग शोधणे म्हणजे लहान लहान निर्णयांची साखळी होय, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. ज्या जागी माणसास 'इकडे की तिकडे' हे ठरवावे लागते, तिला आपण येथे निर्णयस्थान म्हणू. परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे अशी स्थाने नकाशावर नोंदविणे. त्यानंतरच फलकांकडे पाहावे.

पुढील उदाहरण कोणत्याही विशिष्ट संस्थेचे नाही. टप्प्याटप्प्याने वाढत गेलेल्या जिल्हा रुग्णालयांची जी नेहमीची रचना असते, तिच्यावरून ते बांधले आहे. दर्शनी बाजूस जुनी इमारत, तिच्या मागे नवी दुमजली इमारत आणि दोहोंना जोडणारा लांब व्हरांडा, अशी कल्पना करावी. एक गर्भवती स्त्री आपल्या सासूबरोबर आली आहे. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी तिला सोनोग्राफी करून येण्यास सांगितले आहे. पोट तपासण्यापूर्वी भरपूर पाणी पिण्याची सूचना तिने पाळली आहे. त्यामुळे भटकण्यास तिच्याजवळ वेळ नाही.

तिच्या वाटेत सहा निर्णयस्थाने आहेत: बाह्यरुग्ण विभागाचे दार, दर्शनी दालन, व्हरांड्याचे तोंड, नव्या इमारतीतील जिना, जिन्याचा माथा आणि शेवटी खोलीचे दार. या सहा ठिकाणी तिला काय दिसते ते क्रमाने पाहू.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी आद्याक्षरांत 'यूएसजी' असे लिहिले आहे. तोंडी त्यांनी 'सोनोग्राफी' म्हटले. दर्शनी दालनातील मोठ्या फलकावर बावीस ओळी आहेत. त्यांत 'सोनोग्राफी' नाही, 'क्ष-किरण व प्रतिमा विभाग' आहे. व्हरांड्याच्या तोंडाशी 'रेडिओलॉजी' असा फलक आहे. जिन्यापाशी काहीच नाही. जिन्याच्या माथ्यावर 'अल्ट्रासाउंड' असा छापील कागद चिकटविला आहे. खोलीच्या दारावर 'सोनोग्राफी कक्ष' असे लहान अक्षरांत लिहिले असून, त्याच्या शेजारी त्याहून कितीतरी मोठा असा, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही हे सांगणारा फलक आहे. हा दुसरा फलक १९९४ च्या कायद्याखालील नियमांनुसार बंधनकारक आहे व तो तेथे असलाच पाहिजे. परंतु दुरून येणाऱ्यास खोलीची ओळख त्यावरूनच पटवून घ्यावी लागते, हे योग्य नव्हे.

एका खोलीस या वाटेवर पाच नावे आहेत. यांपैकी प्रत्येक नाव आपापल्या परीने बरोबर आहे. पण एक शब्द मनात धरून निघालेल्या माणसाच्या दृष्टीने साखळी दुसऱ्याच कडीला तुटली आहे.

शब्दांची एकवाक्यता

म्हणून परीक्षकाने इमारतीत फिरण्याआधी शब्द गोळा करावेत. चिठ्ठ्या, केसपेपर, तपासण्यांचे छापील अर्ज, पावत्या आणि फलक यांवरील प्रत्येक विभागाची नावे एका तक्त्यात समोरासमोर लिहावीत. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा आणि केसपेपरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या वीस-पंचवीस लोकांना 'कोठे निघालात?' असे विचारून त्यांनी उच्चारलेला शब्द जसाच्या तसा त्यात नोंदवावा. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा ठरतो.

कोणता शब्द ठेवावा, याविषयी आपल्याकडे मतभेद होतात. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली व तेव्हापासून परिभाषेचे मोठे काम झाले आहे. त्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, दिशादर्शक फलक हे परिभाषा रुजविण्याचे ठिकाण नव्हे. 'रक्तपेढी' हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, तो निःशंकपणे वापरावा. 'प्रसूती' हाही तसाच. परंतु 'सोनोग्राफी' आणि 'एक्स-रे' हे शब्द आज खेड्यापाड्यांतही मराठी झाले आहेत. त्यांच्या जागी घडविलेला शब्द लावल्यास भाषेची सेवा होत नाही आणि रुग्णाचीही होत नाही. जेथे कार्यालयीन नाव सोडता येत नाही, तेथे 'बाह्यरुग्ण विभाग, ओपीडी' अशी जोडी ठरवावी आणि ती सर्वत्र याच क्रमाने लिहावी. डॉक्टरांची चिठ्ठी हीदेखील फलकव्यवस्थेचाच भाग आहे. तिच्यावर आद्याक्षरे लिहावयाची असल्यास निदान तपासण्यांच्या छापील नावांपुढे खूण करण्याची सोय असावी.

मराठीच्या घडणीतून उद्भवणारी एक अडचण येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे, कारण इतर भाषांसाठी तयार झालेल्या मार्गदर्शिकांत ती आढळणार नाही. आपण फलकावर 'प्रयोगशाळेकडे', 'दवाखान्याकडे', 'औषधांच्या दुकानाकडे' असे लिहितो. 'कडे' लागताच नामाचे सामान्यरूप होते. दारावर 'प्रयोगशाळा' असते आणि वाटेवर 'प्रयोगशाळे…' दिसते. साक्षर व निवांत वाचकास हा भेद जाणवतही नाही. मात्र जो अक्षरे जुळवीत वाचतो, किंवा चिठ्ठीवरील शब्दाचा आकार फलकावर ताडून पाहतो, त्याच्या दृष्टीने तो वेगळा शब्द असतो. 'कडे'चे काम बाण करीतच असतो. यास्तव फलकावर नाम नेहमी मूळ रूपात, प्रत्ययाविना लिहावे आणि दिशा बाणावर सोपवावी.

अंकांविषयीही असेच दक्ष राहावे लागते. देवनागरी एक हा अंक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि देवनागरी पाच इंग्रजी चारासारखा भासू शकतो. चिठ्ठीवर इंग्रजी अंक व दारावर देवनागरी अंक असेल, तर खोली क्रमांक ९ शोधणारा क्रमांक १ च्या दाराशी उभा राहण्याचा संभव असतो. दोन्ही लिप्यांतील अंक शेजारी शेजारी लिहिणे हा सोपा उपाय आहे. 'पहिला मजला' म्हणजे तळमजल्यावरील मजला हेही सर्वांस उमजते असे नाही. उद्वाहनाच्या कळीवर जो अंक असेल तोच जिन्यावर लिहिलेला असावा.

चिन्हांचा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. अमेरिकेत इंग्रजी न जाणणाऱ्या रुग्णांसाठी 'आब्लामोस हुन्तोस' या उपक्रमाने २००० च्या दशकात आरोग्यसेवेची चिन्हे तयार करून लोकांकडून तपासून घेतली. असे काम उपयुक्त आहे. तथापि रुग्णवाहिका किंवा औषधालय चित्रात दाखविणे जितके सोपे, तितके वृक्कविकार किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा विभाग दाखविणे सोपे नाही. चिन्ह शब्दाच्या जोडीस असावे, त्याच्या जागी नसावे.

बाण

बाण ही सर्वांत सोपी खूण समजली जाते, आणि बहुधा त्यामुळेच तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वर दाखविणाऱ्या बाणाचा प्रचलित संकेत 'सरळ पुढे' असा आहे. परंतु तो बाण जिन्याच्या शेजारी लावला की त्याचा अर्थ 'वर जा' असाही होतो. आपल्या उदाहरणात जिन्याच्या डाव्या अंगाने व्हरांडा पुढेही जातो. तेथे वरच्या बाणाचा फलक लावला तर निम्मे लोक व्हरांड्याने पुढे जातील आणि निम्मे जिना चढतील. जिना चढावयाचा असल्यास तिरका वर जाणारा बाण वापरावा आणि त्याबरोबर 'जिना, पहिला मजला' हे शब्दही लिहावेत. शब्दाने शंका मिटत असेल तेथे केवळ बाणाच्या रेखीवपणावर विसंबून राहू नये.

दुसरा दोष फलक लावण्याच्या जागेतून निर्माण होतो. व्हरांड्यातून चालणाऱ्या माणसाच्या डाव्या भिंतीवर, भिंतीला सपाट चिकटविलेला फलक आहे आणि त्यावर उजवीकडे दाखविणारा बाण आहे असे समजा. फलक लावणारा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या दृष्टीने उजवीकडे म्हणजे व्हरांड्यातून पुढे. चालणारा मात्र थांबून भिंतीकडे वळत नाही. तो चालता चालता कटाक्ष टाकतो आणि बाण आपल्या शरीराच्या दिशेने वाचतो. त्याच्या दृष्टीने उजवीकडे म्हणजे उजव्या हाताच्या दारातून आत. येथे बाण बरोबर असतो, शब्दही बरोबर असतो, आणि तरीही माणूस चुकतो. फलक चालण्याच्या दिशेला आडवा, म्हणजे छताला टांगलेला किंवा भिंतीतून काटकोनात बाहेर आलेला असेल, तर ही संदिग्धता राहत नाही. परीक्षकाने सपाट फलकांवरील प्रत्येक बाण एकदा उभे राहून व एकदा चालताना, असा दोनदा वाचावा.

एकाच फलकावर अनेक नावे असल्यास ती महत्त्वानुसार वा वर्णानुक्रमे न लावता दिशेनुसार गटांत लावावीत: प्रथम सरळ, मग डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक गटास एकच बाण पुरतो. बावीस ओळींना बावीस बाण जोडल्यास डोळा ओळीवरून ओळीवर घसरतो. चालता चालता वाचावयाच्या फलकावर पाचांहून अधिक नावे असू नयेत, असे आमचे मत आहे. संपूर्ण सूची हवी असल्यास ती थांबून वाचण्यासाठी प्रवेशद्वारापाशी, रहदारीच्या बाजूला लावावी.

फलक किती अंतरावर असावेत, याविषयी कार्पमन, ग्रँट आणि सिमन्स यांनी मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयासंदर्भात १९८४ मध्ये केलेली सूचना आजही कामी येते. प्रत्येक मोठ्या चौकात किंवा त्याच्या थोडे अलीकडे फलक असावा, आणि वाटेत निर्णयस्थान नसले तरी दर १५० ते २५० फुटांवर, म्हणजे सुमारे ४५ ते ७५ मीटरांवर, एक फलक असावा. या मधल्या फलकाचे काम दिशा दाखविण्याचे नसून 'वाट बरोबर आहे' असा दिलासा देण्याचे असते. आपल्या उदाहरणातील लांब व्हरांड्यात असा एकही फलक नाही, आणि लोक परत फिरतात ते बहुधा अशाच ठिकाणाहून.

शांत रंग आणि वाचनीयता

धास्तावलेल्या माणसासाठी रंग शांत असावेत, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु शांत याचा अर्थ फिका असा घेतला गेला की नवा दोष निर्माण होतो. पांढऱ्या फलकावर फिकट आकाशी अक्षरे प्रसन्न दिसतात. पण मोतीबिंदूने धूसर झालेल्या डोळ्यांना ती दिसत नाहीत.

याचे एक साधे गणित आहे. पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश परावर्तित करतो, हे रंगाच्या माहितीपत्रकात बहुधा दिलेले असते. अधिक उजळ अंकातून कमी उजळ अंक वजा करावा आणि येणाऱ्या संख्येस उजळ अंकाने भागावे. अमेरिकेतील १९९१ च्या अपंगविषयक मार्गदर्शक सूचनांत हा फरक किमान ७० टक्के असावा, असे सुचविले होते. समजा, पांढरा फलक ८० टक्के प्रकाश परततो आणि फिकट आकाशी अक्षरे ४५ टक्के. फरक ३५, भागिले ८०, म्हणजे सुमारे ४४ टक्के. हे पुरेसे नाही. अक्षरे गडद निळी असून ८ टक्के प्रकाश परतत असतील, तर हाच फरक ९० टक्के होतो. निळा रंग शांतच राहिला, फलक मात्र वाचता येऊ लागला. शांतता रंगछटेतून यावी, अक्षरे फिकी करून नव्हे.

डोळ्यांचे भिंग वयोमानाने पिवळसर होत जाते व निळा, हिरवा आणि जांभळा यांच्या जवळच्या छटांतील भेद मंदावतो. काही पुरुषांना लाल व हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाही. या दोन कारणांमुळे 'हिरव्या पट्टीने जा' ही सूचना एकटी पुरेशी ठरत नाही. जमिनीवरील रंगीत पट्ट्यांचा आपल्याकडे बराच प्रसार झाला आहे. दोन किंवा तीन पट्ट्या असतील तोवर त्या चांगले काम करतात. त्यांची संख्या सहा झाली की त्या एकमेकींत गुंतल्यासारख्या भासतात. शिवाय गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, त्या पायांखाली झाकल्या जातात आणि स्ट्रेचरच्या चाकांनी व फरशी पुसण्याने वळणावरच प्रथम झिजतात. पट्टीवर ठराविक अंतराने विभागाचे नाव लिहिलेले असावे.

लाल रंग अपघात विभागासाठी व अग्निशमनासाठी राखून ठेवावा. जेथे लघवी तपासणीपासून चप्पल ठेवण्याच्या जागेपर्यंत सर्व सूचना लाल अक्षरांत असतात, तेथे अपघात विभागाचा फलक उठून दिसत नाही. हिरवा रंग आपत्कालीन निर्गमाच्या फलकांचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणून दिशादर्शक फलकांची पार्श्वभूमी तशीच हिरवी करू नये. जपानमधील उमेदा या प्रसूती व बालरुग्णालयासाठी केन्या हारा यांनी १९९८ मध्ये पांढऱ्या सुती कापडाचे, काढून धुता येतील असे फलक केले. कापडाच्या मृदुपणाने धास्ती कमी व्हावी आणि त्याच्या शुभ्रपणातून स्वच्छतेची ग्वाही मिळावी, अशी ती कल्पना होती. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयात ती जशीच्या तशी टिकणार नाही हे उघड आहे. तिच्यातही अक्षरे गडदच ठेवलेली आहेत, इतके येथे लक्षात घ्यावे.

अक्षरांच्या उंचीचा ढोबळ नियम असा की, सुमारे साडेसात मीटरांवरून वाचण्यासाठी अडीच सेंटिमीटर उंची लागते. पंधरा मीटरांसाठी त्याच्या दुप्पट. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी. वेलांटी, रफार व उकार यांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडावी. इंग्रजी ओळींच्या मापाने देवनागरी ओळी बसविल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फ्लेक्सवर मजकूर मावत नाही म्हणून संगणकावर अक्षरे आडवी दाबली जातात, तेव्हा 'शस्त्रक्रिया' किंवा 'स्त्रीरोग' यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरांची पोकळी बुजते आणि दुरून केवळ काळा ठिपका दिसतो.

चाचणी आणि पुढील देखभाल

कागदावरील परीक्षणानंतर प्रत्यक्ष चाचणी आवश्यक ठरते. तिच्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी आणि रुग्णांची छायाचित्रे घेऊ नयेत. त्या इमारतीत पूर्वी कधीही न आलेल्या आठ-दहा व्यक्ती निवडाव्यात. त्यांत वयस्क आणि अल्पशिक्षित माणसे अवश्य असावीत. प्रत्येकाच्या हाती खऱ्यासारखी चिठ्ठी द्यावी आणि निरीक्षकाने दहा पावले मागे राहून काही न बोलता नोंद करावी. माणूस कोठे थांबला, कोठे मागे वळला, कोठे आणि कोणास विचारले, या तीन नोंदी पुरेशा आहेत. एकूण लागलेला वेळ मोजण्याचा मोह होतो. पण प्रत्येकाची चाल वेगळी असल्याने तो फारसे काही सांगत नाही. एकाच जागी तीन माणसे थबकली, तर दोष त्या जागेचा आहे, हे निश्चित समजावे. महाविद्यालयातील मराठी, मानसशास्त्र आणि भूगोल या विभागांच्या विद्यार्थ्यांना हे काम मिळून करता येण्यासारखे आहे: शब्दांचा तक्ता एकांनी करावा, निरीक्षण दुसऱ्यांनी, नकाशा तिसऱ्यांनी.

या चाचणीलाही मर्यादा आहे. चाचणीस आलेला माणूस धास्तावलेला नसतो. त्यामुळे त्याला जमलेली वाट खऱ्या रुग्णाला जमेलच असे नाही. उलट, त्यालाही जी वाट जमली नाही ती रुग्णाला जमणार नाही, हे मात्र खात्रीने म्हणता येते. दुसरी मर्यादा इमारतीची. दोन इमारती अर्ध्या मजल्याच्या फरकाने जोडल्या असतील, तर कोणताही फलक तो गोंधळ पूर्णपणे निस्तरू शकत नाही. अशा ठिकाणी माणूस बसविणेच योग्य.

फलक एकदा सुधारले तरी विभाग जागा बदलत राहतात. भिंतीवर चिकटविलेले छापील कागद हे त्याचे लक्षण होय. असा कागद दिसला की तो अस्वच्छता म्हणून फाडण्यापूर्वी तो कोणी व का लावला, हे विचारावे. तेथे लोक वारंवार विचारू लागले म्हणूनच कोणा परिचारिकेने तो लावलेला असतो. प्रत्येक फलकास क्रमांक द्यावा, त्याची जागा, शब्द आणि बाण एका नोंदवहीत लिहावेत, आणि विभाग हलविण्याच्या कार्यालयीन आदेशातच कोणत्या क्रमांकांचे फलक बदलावयाचे ते नमूद करावे. आपल्या उदाहरणातील सोनोग्राफीची खोली उद्या तळमजल्यावर आली, तर दारावरील पाटी बदलण्याचे कोणाच्याही लक्षात राहते. व्हरांड्याच्या तोंडाशी आणि जिन्याच्या माथ्यावर टांगलेले फलक मात्र नोंदवही नसल्यास तसेच राहतात, आणि पाणी पिऊन आलेली ती स्त्री जिना चढून वर जाते.